आकलनाचे पंधरा गुण

आमच्या घरी शाळेतून कागद आला की आई आधी हात पुसायची. कागदाला हात लावण्यासाठी नव्हे, तर मन घट्ट करण्यासाठी, असं मला वाटायचं. शाळेचा कागद म्हणजे तक्रार, हे आमच्याकडे ठरलेलं होतं. गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी माझी धाकटी बहीण असा एक कागद घेऊन आली. तिला घरात सगळे बारकी म्हणतात. ती तेव्हा सहावीत होती आणि मी एस. वाय. बी. ए.ला.

आई आणि बारकी समोर ताट ठेवून टिकल्यांची पाकिटं भरत होत्या. ठाण्याच्या वागळे इस्टेट या कारखान्यांच्या वसाहतीतल्या आमच्या आळीत बहुतेक बायका हे काम घरी आणतात. अण्णा, म्हणजे आमचे वडील, नुकतेच कंपनीतून आले होते. ते पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर, काम करतात. साताऱ्याकडच्या गावी त्यांचं चौथीपर्यंत शिक्षण झालेलं. त्यांना वाचता येतं, पण सावकाश, आणि दुसऱ्यांसमोर ते वाचत नाहीत. आईला सहीपुरतं येतं. त्यामुळे कागद माझ्याकडे आला. कॉलेजला जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच, म्हणून वीजबिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं माझ्याकडेच येतं.

"वाच," अण्णा म्हणाले. "काय केलंय तिनं ते कळू दे."

"मी काय केलेलं नाही. सगळ्यांना दिलंय," बारकी म्हणाली.

तो सायक्लोस्टाइल केलेला एकपानी मजकूर होता. खाली वर्गशिक्षिकेची सही आणि शेजारी मुख्याध्यापकांची. तक्रार नव्हतीच. बाईंनी पालकांना कळवलं होतं की या सत्रात मराठीच्या वाचनाचे गुण वेगळ्या पद्धतीने दिले जातील. आतापर्यंत वाचनाचे वीसच्या वीस गुण मोठ्याने वाचण्यावर असत. यापुढे त्याला फक्त पाच. उरलेले पंधरा गुण आकलनाचे, म्हणजे वाचलेलं किती समजलं याचे. त्यासाठी डिसेंबर, जानेवारी आणि मार्चमध्ये एकेक चाचणी होईल आणि तिन्हींची सरासरी वार्षिक निकालात धरली जाईल. उतारा पाठ्यपुस्तकातला नसेल. मुलांनी तो मनातल्या मनात दोनदा वाचायचा आणि समोर ठेवूनच उत्तरं लिहायची. काही प्रश्नांची उत्तरं उताऱ्यात सरळ सापडतील, काहींसाठी दोन ठिकाणची माहिती जोडावी लागेल, काही उत्तरं उताऱ्यात लिहिलेली नसतील पण त्यावरून ओळखता येतील, आणि एक प्रश्न स्वतःच्या मताचा असेल. अर्थ बरोबर असल्यास शुद्धलेखनाचे गुण कापले जाणार नाहीत. घरी रोज दहा मिनिटे मुलांना काहीही नवीन वाचायला द्यावे व त्याबद्दल बोलावे. उत्तरे पाठ करून घेऊ नयेत. काही शंका असल्यास शनिवारी शाळा सुटल्यावर भेटावे.

मी वाचून संपवलं तेव्हा अण्णांनी एकच विचारलं, "म्हंजी आता सोपं झालं का अवघड?"

मला सांगता आलं नाही. खरं तर मलाही ते नीट कळलं नव्हतं. पण तसं म्हणायची लाज वाटली. मी म्हटलं, "सोपं. मी घेते तिचा अभ्यास."

अण्णांच्या प्रश्नामागे काय होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. सहामाहीत बारकीला मराठीत सत्तावीस गुण मिळाले होते. बाकीच्या विषयांत ती कशीबशी पास होती. पण मातृभाषेतच नापास म्हटल्यावर अण्णांचा धीर सुटला. दिवाळीला गावी गेलो तेव्हा आत्या म्हणाली, नाहीतरी पोरगी शाळेत अडकतीये, माझ्याकडं ठेवा, मला घरात हात होईल. ठाण्याला परत आल्यावर अण्णांनी सांगितलं की वार्षिकला पास झाली तर सातवी, नाहीतर मे महिन्यात आत्या येईल तेव्हा तिच्यासोबत जाईल. ते रागाने बोलले नव्हते. त्यांना ते रास्त वाटत होतं, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. आत्याच्या दोन्ही मुलींची शाळा अशीच "पुढच्या वर्षी बघू" म्हणत सुटली होती.

बारकी वाचताना अडखळते. जोडाक्षर आलं की थांबते, ओठ हलवते, मग पुढे जाते. वर्गात पोरं हसतात. त्यामुळे तिला समजत नाही, असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो. मीही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजहून येताना स्टेशनजवळच्या दुकानातून अपठित उताऱ्यांचं गाईड आणलं. पन्नास उतारे, प्रश्नोत्तरांसह. अपठित म्हणजे न वाचलेला. आणि मी ते पन्नास उतारे बारकीकडून पाठ करून घ्यायला सुरुवात केली. आता हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला त्यात काही चुकीचं वाटलं नव्हतं. पन्नास पाठ केले तर त्यातला एक येईलच, असा माझा हिशेब होता. बाईंनी पाठ करून घेऊ नका असं लिहिलं होतं हे मी विसरले नव्हते. पण आमच्याही शाळेत "स्वतःच्या शब्दांत लिहा" असं प्रत्येक प्रश्नपत्रिकेत छापलेलं असायचं आणि गुण गाईडच्या शब्दांना मिळायचे. मी त्याच रस्त्याने दहावी, बारावी आणि कॉलेजपर्यंत आले होते. मला दुसरा रस्ता माहीत नव्हता.

बारकीने तक्रार केली नाही. टिकल्या भरता भरता ती म्हणत राहायची, "राजाने प्रजेसाठी तळे बांधले. तळ्याचे पाणी गोड होते." मध्येच एकदा तिने विचारलं, "ताई, तळं बांधायच्या आधी लोक पाणी कुठून आणायचे?"

"ते नाहीये उत्तरात. पुढचं म्हण."

डिसेंबरच्या चाचणीत विहिरीवरचा उतारा आला. गावातली विहीर, तिच्यावर पाणी भरणाऱ्या बायका आणि विहीर आटल्यावर त्यांनी काय केलं, असं काहीतरी. बारकीने पाणी हा शब्द बघितला आणि पाठ केलेला तळ्याचा उतारा भडाभडा उतरवला. पंधरापैकी दोन गुण मिळाले. उत्तराशेजारी बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं, "राजा कुठून आला?"

अण्णांनी तो पेपर स्वतः वाचला, ओळीवर बोट ठेवून. बराच वेळ लागला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सोपं हाय म्हणालीवतीस."

शनिवारी मी बाईंना भेटायला गेले. आमच्या इस्टेटला शुक्रवारची सुट्टी असते, त्यामुळे अण्णांना येणं शक्य नव्हतं. आई म्हणाली, मी येऊन काय बोलू, तूच जा. वर्गाच्या दारात मी दहा मिनिटं तरी उभी असेन. बारकी माझ्या मागे. बाई पन्नाशीच्या असाव्यात, कॉटनची साडी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्या फळा पुसत होत्या.

"पालक कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"मीच आलेय. मी तिची मोठी बहीण. एस. वाय.ला आहे."

"छान. मग तुम्हीच अभ्यास घेता का हिचा?"

मला कोणी अहोजाहो करायची सवय नव्हती. मी मान हलवली आणि गाईडचं सांगून टाकलं. पन्नासपैकी एकोणतीस उतारे पाठ झालेत, हेही सांगितलं. बाई हसल्या नाहीत, याचं मला अजून बरं वाटतं. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"जानेवारीसाठी मी काही उतारे जमवले होते. हा मी घेणार नाही, म्हणून दाखवते. वाचा मनात."

चार-पाच ओळी होत्या. एक आजोबा रोज संध्याकाळी गावाच्या बसथांब्यावर येतात. बसमधून उतरणाऱ्यांकडे बघत उभे राहतात. शेवटची बस गेली की घरी जातात. त्या दिवशी मात्र ते आले तेव्हा त्यांच्या हातात दोन छत्र्या होत्या.

"आजोबांच्या हातात दोन छत्र्या का असतील?" बाईंनी विचारलं.

मी पुन्हा वाचलं. वाक्यं वरखाली केली. छत्र्यांचं एकच वाक्य होतं, आणि त्यात कारण नव्हतं. मी म्हटलं, "उताऱ्यात दिलेलं नाही, बाई."

"नाहीच दिलेलं. म्हणून तर विचारलं."

मी कागदाकडे बघत राहिले. तेव्हा बाईंनी बारकीला जवळ बोलावलं आणि कागद तिच्याकडे सरकवला. "मोठ्याने नको. मनात वाच. घाई नाही."

ती ओठ हलवत वाचत राहिली. खूप वेळ लागला. बाहेर मैदानात कबड्डी चालली होती, तिचा आवाज येत होता. मग बारकी म्हणाली, "एक त्यांची. एक येणाऱ्याची."

"कोण येणार आहे?"

"ते लिहिलेलं नाही. पण ज्याची रोज वाट बघतात तो. आज येणार हे त्यांना कळलेलं असणार. पत्र आलेलं असेल."

"कशावरून म्हणतेस?"

"'त्या दिवशी मात्र' असं लिहिलंय. म्हणजे रोज एकच छत्री असायची." मग थोडं थांबून म्हणाली, "नाहीतर त्यांची एक छत्री फाटकी असेल. पण मग फाटकी लिहिलं असतं."

बाईंनी चष्मा काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाचवीत आणि आता, दोन वर्षं मी हिला मोठ्याने वाचायला लावतेय. अडखळते म्हणून समजत नाही, असं समजून मीही गुण देत गेले. अशी वर्गात आणखी पाच-सहा मुलं निघतील. म्हणूनच या सत्रात मोठ्याने वाचणं आणि समजणं या दोन्हींचे गुण वेगळे करायची परवानगी मागितली. पण अशी पत्रं मुलांच्या घरी नेमकी कशी पोचतात, हे मला कुठे माहीत असतं?"

"मी वाचलेलं नीट, बाई," मी म्हटलं. "पाठ करू नका हे पण वाचलेलं. पण मला वाटलं, असं नुसतं लिहितात."

"खरंय. आम्ही नुसतंच लिहीत होतो," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी मला डिसेंबरचा पेपर उलगडून दाखवला. विहिरीच्या उताऱ्यावर सहा प्रश्न होते. कोणता प्रश्न कोणत्या प्रकारचा, कशाला किती गुण, हे त्यांनी एकेक करून सांगितलं. ओळखायच्या प्रश्नाला तीन गुण असतील तर एक उत्तराचा आणि दोन "कशावरून" याचे. त्यामुळे उत्तर बरोबर असूनही एका शब्दात लिहिलं तर गुण जातात. मतासाठी कुठलंही मत चालतं, पण कारण उताऱ्याला धरून हवं. "घरी हिला लिहायला लावा. ओळखते ती, पण लिहायचा कंटाळा करते," त्या म्हणाल्या.

"कंटाळा नाही. हात दुखतो," बारकी पुटपुटली.

परत येताना मला स्वतःबद्दलच काहीतरी उमगलं होतं आणि ते फारसं सुखाचं नव्हतं. चौदा वर्षं शिकून मला चार ओळींचं उत्तर देता आलं नव्हतं. कोपऱ्यावर बारकी म्हणाली, "ताई, तुला खरंच नाही कळलं?"

"नाही गं."

"असू दे," ती म्हणाली. "तुला बाकीचं खूप येतं."

त्या दिवसापासून घरात नवीन वाचायला काय आहे याचा शोध सुरू झाला. पुस्तकं अशी नव्हतीच. कॅलेंडरच्या मागचा मजकूर होता, शेंगदाण्याच्या पुड्यांचे कागद होते, औषधाच्या बाटलीसोबतची घडी होती. एकदा भाजी बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यात अर्धीच बातमी होती आणि पुढे काय झालं असेल यावरून आई, बारकी आणि शेजारच्या काकू असा तिघींचा वाद झाला. आईला वाचता येत नव्हतं, पण ऐकून ती जे विचारायची ते माझ्या डोक्यातही यायचं नाही.

अण्णा आधी लांबून बघत. एका शुक्रवारी त्यांनी खिशातून एक कागद काढला. कंपनीच्या फलकावर लागलेली सूचना त्यांनी स्वतः उतरवून आणली होती. अक्षर वेडंवाकडं, पण पूर्ण. "हे घ्या. हे नवंच हाय," ते म्हणाले.

बारकीने वाचलं. मशीन चालू असताना कोणीही संरक्षक जाळी काढू नये. जाळी काढलेली आढळल्यास सुपरवायझरला ताबडतोब कळवावे.

"जाळी कोण काढतं, अण्णा?"

"कामगार काढतात. दुसरं कोण?"

"का काढतात? हात जाईल ना."

"जाळी असली की काम हळू व्हतं."

"मग हळू करायचं."

"आकडा पुरा व्हायला नगो का दिवसाचा?"

बारकी कागदाकडे बघत होती. "आकडा कोण सांगतं?"

"मॅनेजर."

"आणि ही सूचना कोणी लावली?"

अण्णा आईकडे बघून म्हणाले, "ही वाचाया शिकतीये का भांडाया?" पण ते हसत होते. थोड्या वेळाने त्यांनी तो कागद परत मागून घेतला आणि स्वतः पुन्हा एकदा वाचला, आमच्यासमोर, ओठ हलवत. मी त्यांना तसं वाचताना पहिल्यांदाच पाहिलं.

लिहायचं मात्र सोपं गेलं नाही. बारकी एका शब्दात उत्तर लिहून वही मिटायची. मी "कशावरून" म्हटलं की तोंडी फडाफडा सांगायची, पण पेन्सिल उचलायची नाही. जानेवारीत तिला आठ गुण मिळाले. तीन प्रश्नांत बाईंनी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं. तेव्हा आम्ही एक केलं. तिने बोलायचं आणि मी तिचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवायचे, मग ते तिने वाचून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी तसंच दुसरं स्वतः लिहायचं. आपण बोललेलं कागदावर इतकं लांब दिसतं याचं तिला नवल वाटलं. "हे सगळं मी बोलले?" असं ती दोन-तीनदा तरी म्हणाली असेल.

तोपर्यंत "कशावरून" हा शब्द घरभर झाला होता. आमटीत मीठ जास्त झालंय असं अण्णा म्हणाले की आई शांतपणे विचारायची, कशावरून? अण्णा म्हणायचे, "दोन गुण गेले म्हणून समज."

कॉलेजात मी कधी प्रश्न विचारत नसे. त्या फेब्रुवारीत एका तासाला सरांनी एक परिच्छेद वाचून आम्हाला काय वाटतं ते विचारलं. मी हात वर केला नाही, तेवढा धीर झाला नाही. पण वहीत कडेला माझं उत्तर लिहिलं, आणि खाली कारण लिहिलं. ते बरोबर होतं का, मला माहीत नाही. नोट्समध्ये नसलेलं ते माझं पहिलं वाक्य होतं.

मार्चच्या चाचणीत बारकीला बारा गुण मिळाले. पण दोन, आठ आणि बारा यांची सरासरी सातच येते, आणि मोठ्याने वाचण्याचे तिला पाचपैकी दोन होते. म्हणजे वीसपैकी नऊ. पास व्हायला पस्तीस लागतात, म्हणजे वार्षिकच्या लेखी पेपरात तिला अजून सव्वीस तरी हवे होते. डिसेंबरच्या दोन गुणांचा दोष माझा होता. मी ते बारकीला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "अगं, पण तळं पण पाठ आहे ना अजून. येईल कधीतरी."

एक मेला निकाल लागला. आत्या आदल्या दिवशीच आली होती. अण्णांनी तिला नको म्हणून कळवलं नव्हतं आणि हो म्हणूनही नव्हतं. ती सुपारी कातरत दाराशी बसली होती. बारकीसाठी तिने गावाहून खण आणला होता, त्याचा परकर शिवायचा म्हणत होती. आत्या वाईट नव्हती. तिला खरंच पोरगी आवडत होती.

प्रगतिपुस्तक आणायला मी आणि बारकी गेलो. बाई सगळ्या पालकांशी बोलत होत्या, त्यामुळे आमच्याशी फार बोलणं झालं नाही. मराठीच्या रकान्यात चाळीस होते. खाली "सातवीत प्रवेश" असा शिक्का. शेऱ्याच्या जागी बाईंनी लिहिलं होतं, "विचारपूर्वक वाचते. लेखनाचा सराव हवा." बारकीने तिथेच उभं राहून ते दोनदा वाचलं. मी घाई केली नाही.

घरी आल्यावर अण्णांनी हात पुढे केला. पण मग हात मागे घेऊन म्हणाले, "तूच सांग आत्याला."

"पास झाले, आत्या," बारकी म्हणाली.

"किती पडले?"

"चाळीस."

"शंभरात चाळीस," आत्या म्हणाली. "म्हंजी साठ येत न्हाई."

"आत्ता येत नाही," बारकी म्हणाली.

आत्याने अण्णांकडे बघितलं. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. "हिला सुट्टीपुरती ने," ते म्हणाले. "आंबे खाऊ दे. शाळा उघडायच्या आत मी येऊन घेऊन जाईन."

"आन माझ्या घरचं काम कोण बघंल?"

"तुझ्या दोघी हायत की. त्यातली धाकटी अजून शाळेत जाण्याजोगी हाय. जूनला तिचं नाव घाल परत. मी बोलतो मास्तरशी."

सुपारीचं खांड तोंडात टाकून आत्या बारकीला म्हणाली, "चल, खण अंगाला लावून बघू." दोघी आत गेल्या. थोड्या वेळाने आतून आत्याचा आवाज आला. ती विचारत होती की तिची धाकटी दोन वर्षं घरी बसलीये, तर आता परत तिला जमेल का. बारकी काय म्हणाली ते मला नीट ऐकू आलं नाही. ती बराच वेळ काहीतरी समजावून सांगत होती, आणि आत्या मध्ये मध्ये हं, हं म्हणत होती.